ॲसिडची बाटली आणि ब्लीचची बाटली

दसरा-दिवाळीच्या आधी आम्हा सफाईवाल्यांना श्वास घ्यायला फुरसत नसते. घरोघरी बाथरूमच्या कोपऱ्यात दोन बाटल्या शेजारी शेजारी उभ्या दिसतात, एक टॉयलेट क्लीनरची आणि एक ब्लीचची. घरातली माणसं दोन्हींना सर्रास ‘ॲसिड’ म्हणतात. खरं तर दोन्हींचं काम वेगळं आहे आणि त्यांची गाठ पडली तर जिवावर बेतू शकतं.

टॉयलेट क्लीनरमध्ये बहुधा हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं. ते पाण्याचे क्षार विरघळवतं, म्हणजे नळावरचा पांढरा थर, भांड्यातल्या पिवळट कडा, टाइलवरचे खरबरीत ठिपके. ब्लीच म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट. त्याला क्षारांचं काही करता येत नाही. ते बुरशी मारतं आणि तिचा काळा रंग घालवतं. म्हणून पांढऱ्या डागावर ब्लीच ओतून घासणाऱ्याचे फक्त हात दुखतात.

डाग कसला आहे ते कळत नसेल तर त्यावर व्हिनेगरचा थेंब टाका. बुडबुडे आले की क्षार आहेत. सांध्यातल्या काळ्या डागावर पाणी घातलेल्या ब्लीचचा थेंब टाकून काही मिनिटं थांबा. डाग फिका पडला तर बुरशी, तसाच राहिला तर मळ किंवा साबणाचा थर, आणि त्याला साधं डिटर्जंट पुरतं. या दोन चाचण्या एकाच जागी लागोपाठ मात्र करू नका.

कारण ॲसिड आणि ब्लीच एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो. गेल्या दिवाळीत माझ्याच कामावर हे घडलं. धायरीतला फ्लॅट, बोअरचं पाणी, त्यामुळे क्षारांचे थर जाड. एका ताईंनी भिंतीच्या टाइलना ॲसिड लावलं होतं. ते नीट धुऊन झालं नव्हतं, तेवढ्यात दुसऱ्या ताईंनी जाळीजवळच्या काळ्या कोपऱ्यात ब्लीच ओतलं. उतारावरून दोन्ही जाळीपाशी एकत्र आलं. क्लोरीन हवेपेक्षा जड असतो, तो खाली साठतो, आणि फरशी घासणारी बाई खालीच बसलेली असते. तिलाच आधी ठसका लागला, डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. दोघींना ओढून गॅलरीत आणलं, डोळ्यांवर पंधरा मिनिटं पाणी मारलं आणि डॉक्टरकडे नेलं. खोकला थांबला तरी फुप्फुसांचा त्रास काही तासांनी उलटू शकतो, म्हणून त्या रात्री दोघींच्या घरी फोन करून चौकशी केली. चूक माझी होती, दोन्ही बाटल्या मी एकाच बादलीत दिल्या होत्या. अशा वेळी पुन्हा आत जाऊन ‘पाणी टाकून येते’ असं कोणी म्हणू नये. बाहेरून दार उघडं ठेवावं, एक्झॉस्टचं बटण बाहेर असेल तर चालू करावं आणि थांबावं.

आता आम्ही दोन कामं दोन दिवसांत वाटतो. पहिल्या दिवशी क्षार: टाइलचे सांधे आधी साध्या पाण्याने भिजवायचे, म्हणजे सिमेंट ॲसिड कमी शोषतं. नळांना टॉयलेट क्लीनर लावायचाच नाही, क्रोम काळं पडतं. एक लिटर कोमट पाण्यात 50 ग्रॅम लिंबूफूल विरघळवून त्यात भिजवलेलं फडकं नळाला पंधरा मिनिटं गुंडाळलं की थर सुटतो. मग भरपूर पाण्याने धुवायचं. दुसऱ्या दिवशी बुरशी: एक भाग ब्लीच, दहा भाग गार पाणी, दहा मिनिटं, खिडकी उघडी. गरम पाण्याने ब्लीचचा जोर जातो, आणि कालवलेलं उद्यासाठी ठेवलं तरी तेच. सिलिकॉनच्या आत शिरलेली बुरशी मात्र कशानेही निघत नाही, ती पट्टी कापून नवी भरावी लागते.

स्वयंपाकघरात यातली कुठलीच बाटली नको. तिथला चिकटा तेलाचा असतो, त्याला गरम पाणी, डिटर्जंट किंवा धुण्याचा सोडा लागतो. ओटा कडप्प्याचा असेल तर ॲसिड विसराच, कडप्पा चुनखडीचाच दगड आहे, लिंबाचा रस सांडला तरी त्यावर पांढरट डाग उमटतो. सोफ्याला तर शाम्पू आणि ओढून घेणारं मशीन लागतं, वाळायला निदान चार-सहा तास धरा.

दराचं म्हणाल तर मी एका बाथरूमचे 600 रुपये घेतो, जाड थर असेल तर 800, त्यात दुसऱ्या दिवसाची फेरी धरलेली असते. सोफ्याचे एका सीटला 200. कोणी 250 रुपयांत बाथरूम करून देतो म्हणाला तर ‘काय वापरणार, किती वेळ लावणार’ एवढं विचारा. वीस मिनिटांत बाथरूम चमकवायचं तर पाण्याच्या जुन्या बाटलीत आणलेलं सुटं, कडक ॲसिडच लागतं. दोन-तीन वर्षं तसं केलं की सांध्यातलं सिमेंट झिजतं, टाइलमागे पाणी मुरतं आणि खालच्या घराच्या छताला ओल येते.