शांत खोली आणि न घुमणारी खोली

दीड मिनिटाच्या माहितीपर व्हिडिओला आवाज द्यायचा असला की पहिला सल्ला ठरलेला असतो: शांत खोलीत रेकॉर्ड कर. मग माणूस रात्री सगळं सामसूम झाल्यावर मोकळ्याढाकळ्या हॉलमध्ये बसतो, एकही गाडी जात नसताना रेकॉर्डिंग करतो, आणि ऐकल्यावर म्हणतो, ‘आवाज लांबून आल्यासारखा का वाटतोय?’ दुसरा एखादा भिंतींना फोम चिकटवतो, तरीही बाहेरचा हॉर्न तितकाच खणखणीत ऐकू येतो म्हणून फोमला शिव्या घालतो. दोघांचा घोटाळा एकच आहे. शांत खोली आणि न घुमणारी खोली या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक असली म्हणून दुसरी असेलच असं नाही, आणि एकीचा इलाज दुसरीला लागू पडत नाही.

शांत खोली म्हणजे तुम्ही गप्प बसलात तर माइकला काहीच ऐकू येऊ नये. पंखा, फ्रिज, लॅपटॉपचा फॅन, रस्ता, वरच्या मजल्यावरची खुर्ची हे सगळे तिचे शत्रू. न घुमणारी खोली म्हणजे तुम्ही बोललात तर तुमचाच आवाज भिंती, छत, फरशी आणि काचांवरून आपटून माइकपाशी परत येऊ नये. इथे शत्रू बाहेरचा नाहीच. तुमच्याच शब्दाच्या उशिरा पोचणाऱ्या प्रती आहेत. म्हणून तपासण्याही दोन. गोंगाटासाठी वीस सेकंद काही न बोलता रेकॉर्ड करा आणि मीटर पाहा. ऑडिओबुकवाले शांततेची पातळी -60 डेसिबलच्या खाली मागतात. मागे संगीत असणाऱ्या छोट्या व्हिडिओला -50 च्या आसपासही माझ्या मते चालून जातं. घुमण्यासाठी बसायच्या जागी एकदाच जोरात टाळी वाजवा. टाळी तिथेच संपली तर उत्तम. तिच्यामागे ‘टंग्ग’ असं शेपूट आलं, तर तुम्ही समोरासमोरच्या दोन उघड्या भिंतींच्या मधोमध आहात. ही दुसरी तपासणी मीटरवर होत नाही, कानानेच करावी लागते. बहुतेक जण मीटरवरची शांतता बघून समाधान मानतात, ते इथेच चुकतं.

हा फरक सगळ्यात आधी जाणवतो तो संहितेच्या गतीत. समजा विषय आहे भरती-ओहोटी आणि व्हिडिओ 90 सेकंदांचा. समजावून सांगण्याच्या सुरात मराठी वाचताना मी मिनिटाला 110 शब्द धरतो. आपल्याकडे प्रत्यय शब्दालाच चिकटतात, त्यामुळे एकेक शब्द लांब होतो. इंग्रजीचा 150 शब्दांचा हिशेब इथे लावला की धापा टाकत वाचावं लागतं. 90 पैकी 15 सेकंद थांबण्यासाठी आणि चित्र बघू देण्यासाठी ठेवले, की बोलायला उरतात 75. म्हणजे संहिता साधारण 140 शब्दांची. त्यातली एक ओळ अशी: ‘चंद्र समुद्राचं पाणी ओढतो. पण फुगवटा एकाच बाजूला येत नाही, दोन्ही बाजूंना येतो.’ पहिल्या वाक्यानंतर पाऊण सेकंद थांबायचं आहे, कारण तेवढ्यात पडद्यावर पृथ्वीच्या पलीकडच्या बाजूचा फुगवटा उमटणार आहे. संपूर्ण व्हिडिओतला महत्त्वाचा विराम हाच.

आता ही ओळ दोन खोल्यांत वाचून बघा. पंख्याच्या खोलीत ‘ओढतो’ नीट संपतो आणि विरामात घरघर ऐकू येते. विराम भरलेला आहे, पण बाहेरच्या गोष्टीने. सामान नसलेल्या खोलीत आवाज पुरता विरायला सेकंदभरही लागू शकतो. तिथे ‘ओढतो’मधला ‘तो’ लोंबकळत राहतो आणि पाऊण सेकंदाचा विराम विराम राहतच नाही. वाचणाऱ्याला वाटतं आपण घाई केली, म्हणून तो आणखी हळू वाचतो, आणि 90 सेकंदांचा मजकूर 105 सेकंदांवर जातो. खरी अडचण त्यानंतर, एडिटिंगला बसल्यावर येते. चित्र थोडं लवकर येतंय म्हणून विराम पाव सेकंदाने कमी करायचा ठरला, तर न घुमणाऱ्या खोलीतला टेक कुठेही कापता येतो. घुमणाऱ्या टेकमध्ये कात्री शेपटावरच पडते आणि शब्द दारात चिमटल्यासारखा तुटतो. म्हणजे घुमणारी खोली तुमची गती रेकॉर्डिंगच्या क्षणीच गोठवून टाकते. नंतर काही हलवता येत नाही.

आवाजातल्या ऊबेचंही असंच आहे, फक्त इथे दोन्ही खोल्या वेगवेगळ्या वाटेने नुकसान करतात. गोंगाटात माणूस नकळत आवाज चढवतो. फ्रेंच कानतज्ज्ञ एत्येन लोंबार यांनी 1911 मध्ये याबद्दल लिहिलं, आणि त्यांच्याच नावाने हा परिणाम ओळखला जातो. नुसता जोर वाढत नाही, पट्टीही वर जाते आणि स्वर ताणले जातात. पंखा सुरू ठेवून ‘शेजारी बसलेल्या एकाच माणसाला सांगतोय’ असा सूर लावणं म्हणूनच अवघड जातं. पंखा नंतर सॉफ्टवेअरने पुसता येईल, पण त्याच्यामुळे चढलेला सूर पुसता येत नाही. घुमणाऱ्या खोलीत सूर बिघडत नाही, अंतर बिघडतं. जवळच्या माणसाचा आवाज आपल्याला थेट येतो, लांबच्याचा भिंतींवरून. रेकॉर्डिंगमध्ये भिंतींचा वाटा वाढला की कितीही मायेने बोला, ऐकणाऱ्याला तुम्ही खोलीच्या दुसऱ्या टोकाला उभे वाटता.

म्हणून ऊब हवी असेल तर माइकच्या जवळ जा. तोंड आणि माइक यांतलं अंतर 30 सेंटिमीटरवरून 15 वर आणलं की थेट आवाज साधारण 6 डेसिबलने वाढतो, खोलीचा प्रतिसाद जवळपास तितकाच राहतो. एवढ्या जवळून हळू बोललं तरी पुरतं, आणि हळू बोलण्यातच तो सूर सापडतो. मात्र एकाच दिशेने ऐकणारे कार्डिऑइड माइक जवळून खर्ज फुगवतात. थोडा खर्ज बरा वाटतो, पण त्यालाच ऊब समजून आणखी जवळ सरकलं की आवाज गुबगुबीत होतो आणि शब्द कळेनासे होतात. शिवाय ‘पण’, ‘फुगवटा’, ‘भरती’ ही आपली संहिता हवेच्या फटक्यांनी भरलेली आहे. माइक थेट ओठांसमोर न ठेवता ओठांच्या कोपऱ्याकडे थोडा तिरका ठेवला की फटका बाजूने निघून जातो. पॉप फिल्टर असेल तर तोही लावा, पण तिरकेपणा जास्त कामाचा.

इलाजांकडे येऊ. गोंगाट अडवायला वजन लागतं आणि फटी बुजवाव्या लागतात. दाराखालची बोटभर फट अख्ख्या जाड दाराचं काम फुकट घालवते, तिथे टॉवेलची घट्ट गुंडाळी सारा. फोम हलका असतो. तो आवाज आरपार जाऊ देतो, अडवत नाही. बाकी सगळं साधंच: यंत्रं बंद करा, लॅपटॉप लांब ठेवा, माइकची पाठ खिडकीकडे करा, वेळ बदला.

घुमणं मात्र जाड आणि मऊ गोष्टींनी शोषावं लागतं, आणि त्या कुठे टांगायच्या याला महत्त्व आहे. लोक फोमचा तुकडा माइकच्या मागे उभा करतात. कार्डिऑइड माइक मागच्या बाजूला जवळपास बहिराच असतो. त्याचं तोंड तुमच्याकडे आहे, म्हणजे तुमच्या पाठीमागची भिंत त्याला सगळ्यात जास्त ऐकू येते. म्हणून एकच गोधडी असेल तर ती तुमच्या पाठीमागे टांगा, शक्य तर भिंतीपासून वीतभर पुढे. भिंतीला चिकटवलेला बोटभर जाडीचा फोम फक्त वरचे, तीक्ष्ण सूर खातो. खालचे सूर तसेच घुमत राहतात आणि आवाज मंद, कोंदट होतो.

कपड्यांच्या कपाटात शिरून रेकॉर्ड करण्याचा प्रसिद्ध उपायही इथेच तपासून घेऊ. कपडे टाळीचं शेपूट मारतात, हे खरं. पण एकमेकींपासून मीटरभर अंतरावरच्या दोन कडक भिंतींमध्ये 170 हर्ट्झच्या आसपासचा सूर अडकून फुगतो, आणि बोलण्याच्या आवाजाचा खालचा भाग नेमका तिथेच असतो. हेडफोनवर ते भारदस्त वाटतं, मोबाइलच्या स्पीकरवर डब्यातून बोलल्यासारखं. ओळखायचं कसं? एकच वाक्य खालच्या पट्टीपासून वरपर्यंत म्हणत जा. मधेच एखाद्या पट्टीवर आवाज अचानक मोठा झाला तर तो कपाटाचा आहे, तुमचा नाही. इक्वलायझरने तिथे 3-4 डेसिबल उतरवता येतात, पण त्यापेक्षा कपाटाचं दार उघडून बाहेर बसावं आणि कपडे पाठीमागे घ्यावेत.

दोन्ही एकाच वेळी साधत नसेल तर? छोट्या माहितीपर व्हिडिओसाठी मी न घुमणारी खोली निवडेन, जरा गोंगाट असला तरी. पंख्यासारखा एकसुरी आवाज सॉफ्टवेअर ओळखू शकतं: Audacity मध्ये नुसत्या घरघरीचा तुकडा निवडून Noise Reduction मधलं Get Noise Profile दाबायचं, मग पूर्ण टेकवर तोच परिणाम 6 ते 10 डेसिबलपुरता लावायचा. त्याहून जास्त लावलात तर आवाज पाण्याखालून आल्यासारखा बुडबुडतो. उरलेली घरघर संगीताखाली झाकली जाते. घुमलेला आवाज असा सुटा करणं फार कठीण, कारण तो तुमचाच आवाज आहे, त्याच सुरांचा, फक्त उशिरा आलेला. घुमणं कमी करणारी साधनं आहेत, पण शब्दांच्या कडा कुरतडल्याशिवाय ती क्वचितच काम करतात. वर कॉम्प्रेसर लावला की हळू आवाज उचलले जातात, त्यात हे शेपूटही उचललं जातं, म्हणून एडिट केल्यावर खोली आणखीच मोठी वाटते. हॉर्न किंवा कुत्र्याचं भुंकणं मात्र या हिशेबात बसत नाही. ते आलं की ओळ पुन्हा वाचायची, दुसरा मार्ग नाही.

एडिटमध्ये विराम वाढवायचा झाला तर तिथे कोरी शांतता घालू नका. पंख्याची बारीकशी घरघर एकदम थांबून पुन्हा सुरू झाली तर तीच कानाला टोचते; ठरावीक पातळीखालचा आवाज आपोआप बंद करणारं नॉइज गेट लावल्यावरही नेमकं हेच होतं. सुरुवातीला तपासणीसाठी गप्प बसून घेतलेला तो वीस सेकंदांचा तुकडा जपून ठेवा आणि ‘ओढतो’नंतरच्या विरामात त्यातलाच हवा तेवढा भाग भरा.