उणे २२६.८ की अधिक २२६.८?

आदरणीय मॅडम,

सा. न. वि. वि. सराव परीक्षेतल्या रसायनशास्त्राच्या पेपरात ॲसिटिलीनच्या प्रश्नाला मला चारपैकी एकच गुण मिळाला आहे. माझं उत्तर उणे २२६.८ किलोज्यूल आलं, तुमचं अधिक २२६.८ आहे. आकडा दशांशापर्यंत बरोबर आहे, समीकरणं बरोबर आहेत, दोनाने गुणायचंही विसरले नाही. फक्त एक चिन्ह चुकलं. गणिताच्या पेपरात अशा चुकीला अर्धा गुण कापतात. पुढचा उपप्रश्न मी माझ्या उत्तरावरूनच सोडवला होता, त्यालाही शून्य आहे. कृपया फेरतपासणी व्हावी ही विनंती.

आपली विद्यार्थिनी

हे पत्र आमच्या स्टाफरूममध्ये या टेबलावरून त्या टेबलावर फिरलं. भाषा चांगली, तक्रार नेमकी, आणि ‘टक्केवारी घसरेल’ वगैरे रडगाणं नाही. मॅडमनी ते माझ्यासमोर ठेवून विचारलं, ‘काय करावं सर?’ पत्रातली एक मागणी रास्त आहे. दुसरी मागणी ज्या युक्तिवादावर उभी आहे, तो मात्र उलटा आहे. हे कळायला आधी प्रश्न सोडवून पाहायला हवा.

प्रश्न बारावीच्या ऊष्मागतिकीतला, नेहमीचाच. तीन ज्वलन एन्थाल्पी, म्हणजे पदार्थ जळताना होणारे उष्णतेचे बदल, दिल्या होत्या; उष्णता बाहेर पडली तर चिन्ह उणे, आत घेतली गेली तर अधिक. एक मोल ग्रॅफाइट जळून कार्बन डायऑक्साइड होताना उणे ३९३.५ किलोज्यूल, एक मोल हायड्रोजन जळून पाणी होताना उणे २८५.८ आणि एक मोल ॲसिटिलीन जळताना उणे १२९९.६. यावरून ॲसिटिलीनची निर्मिती एन्थाल्पी काढायची होती, म्हणजे मूलद्रव्यांपासून ते बनवणाऱ्या पुढील अभिक्रियेतला उष्णतेचा बदल, ΔH:

2C + H₂ → C₂H₂

ही अभिक्रिया परीक्षानळीत करून तिची उष्णता मोजता येत नाही. कोळसा आणि हायड्रोजन एका भांड्यात कितीही दिवस ठेवले तरी ॲसिटिलीन होत नाही. म्हणून आडवाट घ्यावी लागते, आणि ती वाट जर्मेन हेस याने १८४० मध्ये सेंट पीटर्सबर्गमध्ये दाखवून दिली: अभिक्रिया एका टप्प्यात होवो की दहा टप्प्यांत, सुरुवात आणि शेवट तेच असतील तर एकूण उष्णता तीच.

समजा, दोघं जण वेगवेगळ्या माच्यांवरून निघून गडाच्या पायथ्याच्या एकाच गावात उतरले. पहिला १०७२.८ मीटर उतरला आणि दुसरा १२९९.६ मीटर. मग वर कोण होतं? अर्थातच दुसरा, २२६.८ मीटरने. पहिला म्हणजे सुटे कार्बन आणि हायड्रोजन: ३९३.५ दोनदा आणि २८५.८ एकदा मिळवले की १०७२.८ होतात. दुसरा म्हणजे ॲसिटिलीन. दोन मोल कार्बन डायऑक्साइड आणि एक मोल पाणी हे पायथ्याचं गाव. दोघंही जळून तिथेच पोहोचतात. ॲसिटिलीन जास्त उष्णता देऊन पोहोचतं, म्हणजे ते मुळातच आपल्या मूलद्रव्यांपेक्षा वरच्या पातळीवर होतं. मूलद्रव्यांपासून ते बनवायचं तर ऊर्जा घालावी लागणार. उत्तर अधिक २२६.८, अभिक्रिया ऊष्माग्राही.

विद्यार्थिनीने काय केलं? तिच्या उत्तरपत्रिकेत एक ओळ ठळक अक्षरांत आहे: ‘ΔH = उत्पादितांची बेरीज वजा अभिकारकांची बेरीज’. मग तिने लिहिलं: उणे १२९९.६ वजा (उणे १०७२.८), बरोबर उणे २२६.८. आकडेमोड निर्दोष आहे.

घोटाळा त्या ठळक ओळीत आहे. ‘उत्पादित वजा अभिकारक’ हे सूत्र निर्मिती एन्थाल्पी दिलेल्या असतात तेव्हाचं. दिलेल्या एन्थाल्पी ज्वलनाच्या असतील तर सूत्र नेमकं उलटतं: अभिकारक वजा उत्पादित. कारण साधं आहे. ॲसिटिलीनच्या ज्वलनाच्या समीकरणात ॲसिटिलीन बाणाच्या डावीकडे असतं आणि आपल्याला ते उजवीकडे हवं असतं. म्हणून ते समीकरण उलटवावं लागतं आणि त्यासोबत उणे १२९९.६ चं अधिक १२९९.६ होतं. कार्बन आणि हायड्रोजनची समीकरणं आहेत तशीच राहतात. मग उणे ७८७, उणे २८५.८ आणि अधिक १२९९.६ यांची बेरीज अधिक २२६.८ येते. क्लासमध्ये सूत्रं पाठ करून घेतात, समीकरणं उलटवायला शिकवत नाहीत, असं माझं बऱ्याच दिवसांचं गाऱ्हाणं आहे. ते इथे बाजूला ठेवतो.

आता पत्रातला मुख्य युक्तिवाद पाहू: ‘आकडा बरोबर आहे, म्हणजे पद्धत बरोबर आहे आणि चिन्ह निसटलं आहे.’ खरं तर आकडेमोडीत एखादं चिन्ह निसटलं असतं तर आकडाच बिघडला असता. समजा, तिने ॲसिटिलीनचं समीकरण उलटवलं असतं आणि घाईत १२९९.६ चं चिन्ह बदलायचं राहिलं असतं, तर उत्तर उणे २३७२.४ आलं असतं. हायड्रोजनचं चिन्ह चुकलं असतं तर अधिक ७९८.४ आलं असतं. तिन्ही संख्यांची चिन्हं एकदम उलटली तरच उत्तर हुबेहूब तेच आणि चिन्ह मात्र विरुद्ध असं होतं. म्हणजेच सगळी वजाबाकी उलट दिशेने झाली आहे. याला अपवाद एकच: वरच्या ओळीत अधिक २२६.८ आहे आणि शेवटच्या चौकटीत उतरवताना उणे पडलं आहे. ती खरी लेखनचूक असते आणि पायऱ्या पाहिल्या की लगेच कळते. या मुलीच्या पायऱ्यांत तसं नाही. त्यामुळे बरोबर आलेला आकडा इथे तिच्या बाजूने साक्ष देत नाही.

आणि ‘फक्त एक चिन्ह’ म्हणजे किती? खरं उत्तर आणि तिचं उत्तर यांत ४५३.६ किलोज्यूलचं अंतर आहे, तेही जेमतेम २६ ग्रॅम वायूमागे. एवढ्या उष्णतेत दीड लिटर पाणी तीस अंशांवरून उकळीपर्यंत जातं.

हे अंतर कागदावरच राहत नाही. गॅस कटिंग करणाऱ्या कोणत्याही वर्कशॉपमध्ये ऑक्सिजनच्या सिलिंडरशेजारी मरून रंगाचा ॲसिटिलीनचा सिलिंडर असतो. ऑक्सिजनचा सिलिंडर आत पोकळ असतो आणि त्यात वायू नुसता दाबून भरलेला असतो. ॲसिटिलीनचा सिलिंडर आतून सच्छिद्र, दगडासारख्या पदार्थाने ठासून भरलेला असतो. त्या छिद्रांत ॲसिटोन मुरवलेलं असतं आणि ॲसिटिलीन त्या ॲसिटोनमध्ये विरघळलेलं असतं. सिलिंडर आडवा टाकून वापरू नये म्हणतात ते यासाठीच, नाहीतर वायूबरोबर ॲसिटोनही बाहेर येतं.

एवढा खटाटोप त्या अधिक चिन्हामुळे करावा लागतो. मूलद्रव्यांपासून ॲसिटिलीन बनताना २२६.८ किलोज्यूल आत गेले असतील, तर ते मोडून पुन्हा कार्बन आणि हायड्रोजन होताना तेवढेच बाहेर पडणार. त्यासाठी ऑक्सिजनची गरज नाही. दाबून भरलेल्या मोकळ्या ॲसिटिलीनमध्ये एका ठिकाणी विघटन सुरू झालं की निघालेली उष्णता शेजारच्या रेणूंना मोडते, आणि हवेचा कणही नसलेल्या बंद भांड्यात स्फोट होतो. म्हणूनच मोकळं ॲसिटिलीन वातावरणापेक्षा साधारण एक बार जास्त दाबापलीकडे वापरत नाहीत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ते द्रवरूपात साठवायचे प्रयत्न झाले आणि स्फोट होत गेले. १८९७ च्या सुमारास फ्रान्समध्ये जॉर्ज क्लोद आणि आल्बेर हेस (हा वेगळा हेस, आडनाव तेच) यांनी ॲसिटोनमध्ये विरघळवण्याची युक्ती काढली. पुढे स्वीडनच्या गुस्ताफ दालेनने दीपगृहांसाठी सिलिंडरमधला सच्छिद्र पदार्थ सुधारला. १९१२ मध्ये त्याला भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं आणि त्याच वर्षी ॲसिटिलीनच्या चाचणीतल्या स्फोटात त्याची दृष्टी गेली.

मुलीचं उणे २२६.८ खरं असतं तर ॲसिटिलीन मोडायला उलट ऊर्जा पुरवावी लागली असती, आणि ते ऑक्सिजनसारखंच दाबून भरता आलं असतं. मार्सलँ बेर्तलोने १८६२ मध्ये हायड्रोजनच्या वातावरणात कार्बनच्या दोन कांड्यांमध्ये विजेची ज्योत पेटवून मूलद्रव्यांपासून थेट ॲसिटिलीन बनवलं, तेव्हा त्याला इतकी प्रचंड उष्णता वापरावी लागली, तीही या चिन्हाशी जुळणारीच गोष्ट आहे.

मात्र अधिक चिन्ह म्हणजे स्फोटक, असंही समजू नये. द्रवरूप बेंझिनची निर्मिती एन्थाल्पीही अधिक ४९ किलोज्यूलच्या आसपास आहे, पण ते बाटलीत निवांत असतं. विघटन किती सहज सुरू होतं आणि किती वेगाने पसरतं हे एन्थाल्पी सांगत नाही. पदार्थ मोडला तर ऊर्जा बाहेर येईल की आत घ्यावी लागेल, एवढंच ती सांगते.

परीक्षेत ही चूक पकडता आली असती का? आली असती. काढलेलं उत्तर उलटं वापरून दिलेली संख्या परत मिळते का, ते पाहायचं. ॲसिटिलीनची ज्वलन एन्थाल्पी म्हणजे उणे १०७२.८ वजा त्याची निर्मिती एन्थाल्पी. तिथे उणे २२६.८ घातले तर उणे ८४६ येतात. प्रश्नात मात्र उणे १२९९.६ छापलेले आहेत. अधिक २२६.८ घातले की ते बरोबर जुळतात.

गुणांचं आमचं असं ठरलं. पहिला उपप्रश्न तीन गुणांचा: एक समतोल समीकरणाचा, एक समीकरणं योग्य गुणकाने आणि योग्य दिशेने जोडण्याचा, एक उत्तराचा. समीकरणाचा गुण तिला मिळालाच होता. जोडणीच्या गुणातला अर्धा द्यावा, कारण कार्बनचा दोन हा गुणक तिने बरोबर घेतला आहे आणि फक्त दिशा चुकली आहे. उत्तराचा गुण नाही. गणिताच्या पेपराशी केलेली तुलना इथे चालणार नाही, कारण इथे चिन्ह हा उत्तराचा अर्धा आशय आहे.

दुसरा उपप्रश्न एका गुणाचा होता: अभिक्रिया ऊष्मादायी की ऊष्माग्राही, कारण द्या. तिने लिहिलं, ‘ΔH ऋण आहे म्हणून ऊष्मादायी.’ इथे तिची तक्रार खरी आहे. तिच्या हातातल्या उत्तरावरून तिने काढलेला निष्कर्ष बरोबर आहे. शून्य दिलं तर एकाच चुकीची शिक्षा दोनदा होते. मॅडमना हे पटायला थोडा वेळ लागला. ‘पण ॲसिटिलीन ऊष्माग्राही असतं हे पुस्तकातच आहे की,’ त्या म्हणाल्या. मात्र प्रश्नात ‘वरील उत्तरावरून’ असे शब्द होते, आणि त्या शब्दांवरच तो गुण दिला गेला. एकाचे अडीच झाले.