तिखट, टोमॅटो, कांदा, लसूण: छातीतल्या जळजळीत कुणाचा वाटा किती

"पित्ताचा त्रास आहे, तिखट बंद करायला सांगितलंय. तुमचा मालवणी मसाला चालेल का?" मसाल्याचं पाकीट हातात धरून गिऱ्हाइकं हा प्रश्न हमखास विचारतात. आम्ही मसाला विकतो, तेव्हा आमच्या उत्तरात आमचा स्वार्थ दिसणं साहजिक आहे. म्हणून नुसतं "चालेल" असं न सांगता, तपासण्यांमधून काय दिसलं आहे आणि ते आपल्या कोकणी ताटाला कसं लागू होतं, हे इथे लिहिलं आहे. यातलं काही आमच्या मसाल्याच्या बाजूचं आहे, काही नाही.

आधी दोन प्रश्न वेगळे करा

अन्ननलिका जिथे जठराला मिळते तिथे स्नायूंचं एक कडं असतं. घास गिळताना ते उघडतं, एरवी मिटलेलं राहतं. जेवणाने पोट ताणलं, की ते मधूनमधून काही सेकंद आपोआप सैल पडतं. ढेकर येतो तो याच वाटेने. हे प्रत्येकाचं होतं, पण काहींच्या बाबतीत हवेबरोबर आम्लही वर चढतं. जेवणानंतर हे आम्ल अन्नात पूर्ण मिसळलेलंही नसतं. अन्नाच्या वरच्या अंगाला, कड्याच्या लगेच खाली, ताज्या आम्लाचा थर जमतो, हे ग्लासगोच्या संशोधकांनी 2001 मध्ये दाखवलं. भरपेट जेवून लगेच आडवं झालं की घशाशी येतं, त्याचं कारण हे.

आता कुठल्याही पदार्थाबद्दल दोन निराळे प्रश्न विचारता येतात. त्याच्यामुळे आम्ल जास्त वर येतं का? की आलेलं आम्ल त्याच्यामुळे जास्त झोंबतं? लोक हे दोन्ही एकच धरतात आणि पथ्याचा घोळ तिथेच सुरू होतो.

तिखट

मिरचीतला तिखट घटक म्हणजे कॅप्सेसिन. अन्ननलिकेच्या अस्तरातल्या मज्जातंतूंवर एक संवेदक असतो. तो कॅप्सेसिनने जागा होतो, साधारण 43 अंशांच्या वरच्या उष्णतेने होतो आणि आम्लानेही होतो. त्यामुळे आम्ल तेवढंच असलं तरी मिरचीच्या जोडीने ते जास्त जाळतं. 2000 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात छातीत जळजळ होणाऱ्या लोकांना एकदा नुसतं जेवण आणि एकदा जेवणाबरोबर कॅप्सेसिन दिलं. कॅप्सेसिन घेतल्यावर जळजळ सुमारे दोन तासांत टिपेला पोचली; नुसत्या जेवणाने तिला चार तास लागले होते. मात्र अन्ननलिकेत चढलेलं आम्ल दोन्ही वेळा सारखंच होतं, आणि जठर रिकामं होण्याचा वेगही बदलला नव्हता.

म्हणजे तिखटाने त्रास होतो ही तुमची तक्रार खोटी नाही. पण तिखट बंद केल्याने आम्ल वर यायचं थांबत नाही, फक्त त्याची झोंब कमी होते. जळजळ थांबली म्हणून रात्री अकराला भरपेट जेवण चालूच ठेवलं, तर आम्ल अन्ननलिकेत येतच राहतं, आणि हे धोक्याचं आहे.

मसाल्यातल्या बाकीच्या जिनसांचं, म्हणजे धणे, बडीशेप, दगडफूल, नागकेशर, लवंग, दालचिनी यांचं काय? आपण कालवणात घालतो तेवढ्या प्रमाणात त्यांनी आम्ल वर येतं असा पुरावा नाही. झोंबायचा प्रश्न मुख्यतः मिरचीचा आहे. म्हणून मसाला सोडण्याआधी मिरचीची जात बदलून पाहा. बेडगीत रंग जास्त आणि तिखटपणा कमी असतो. कालवणात दोन चमचे मसाला पडत असेल तर एक चमचा मसाला आणि एक चमचा बेडगीची पूड घाला. रंग राहतो, वासही बऱ्यापैकी राहतो, झणका मात्र उतरतो.

टोमॅटो

टोमॅटो आंबट, म्हणून त्याने आम्ल वाढतं, ही समजूत पक्की बसलेली आहे. पण जठरातला रस टोमॅटोपेक्षा शंभर पटींहून जास्त आम्लधर्मी असतो. चार फोडी टोमॅटोने त्यात काही भर पडत नाही. टोमॅटो त्रास देतो तो गिळताना, आधीच हुळहुळी झालेल्या अन्ननलिकेला लागून. 1978 च्या एका प्रयोगात संत्र्याचा रस आणि मसालेदार टोमॅटोचं पेय नळीने थेट अन्ननलिकेत सोडलं, तेव्हा आम्लाने ज्यांना दुखत होतं त्यांना या पेयांनीही जळजळ झाली. पेयाचा आंबटपणा रसायनाने मारल्यावरही ती होतच राहिली. तेव्हा दोष नुसत्या आंबटपणाचा नाही.

यातून ओळखायची एक सोपी खूण मिळते. टोमॅटोचं सार पिताना किंवा प्यायल्यावर पाच-दहा मिनिटांतच छातीत चुरचुरलं, तर अस्तर हुळहुळं झालं आहे असं समजा आणि काही आठवडे सार, सॉस टाळा. जळजळ दोन तासांनी, आडवं झाल्यावर होत असेल, तर टोमॅटोवर आळ घेण्यात अर्थ नाही.

कोकमालाही हेच लागू. सोलकढी पित्तावर उतारा म्हणून आपल्याकडे घरोघरी दिली जाते. कोकम टोमॅटोपेक्षा बरंच आंबट असतं, आणि सोलकढीत वर हिरवी मिरची, कच्ची लसूण आणि नारळाचं दूध असतं. सोलकढीने आम्ल वर यायचं थांबतं, याला आधार नाही. ज्यांना सोसते त्यांनी अर्धी वाटी जरूर प्यावी. औषध म्हणून दोन पेले भरल्या पोटावर घेऊ नयेत.

कांदा आणि लसूण

या चौकडीत आम्ल खरोखर वर आणण्याचा ठपका बसतो तो कच्च्या कांद्यावर. 1990 च्या एका अभ्यासात तेच जेवण एकदा कच्च्या कांद्याच्या चकतीसह आणि एकदा तिच्याशिवाय दिलं. ज्यांना आधीपासून जळजळीचा त्रास होता त्यांच्यात कांद्याने आम्ल वर येण्याच्या वेळाही वाढल्या आणि जळजळही वाढली. निरोगी माणसांना काहीच फरक पडला नाही. एकाच पंगतीत एकाला कांदा बाधतो आणि शेजारच्याला बाधत नाही, ते यामुळे.

शिजवलेल्या कांद्याचा असा थेट पुरावा नाही. तरी कांदा-लसणीत फ्रुक्टन नावाची साखरेची साखळी असते. ती लहान आतड्यात पचत नाही, मोठ्या आतड्यात जाऊन आंबते आणि वायू धरतो. अशा साखळ्या मुद्दाम जास्त प्रमाणात दिल्यावर जठराचं कडं अधिक वेळा सैल पडतं, हे तपासून पाहिलेलं आहे. कांदा भाजला म्हणून फ्रुक्टन जात नाही. चार माणसांच्या वाटपात दोन कांदे पडले तर माणशी अर्धा कांदा येतो. बहुतेकांना तेवढा सोसतो. ज्यांचं पोट जेवणानंतर फुगतं आणि मग घशाशी येतं, त्यांनी वाटपातला कांदा निम्मा करून पाहावा.

लसणीविरुद्धचा पुरावा फारच तोकडा आहे. कच्ची लसूण झोंबते हे खरं, म्हणून ठेचा आणि लसणीची सुकी चटणी जपून खावी. स्वाद हवा पण पोट फुगायला नको, तर एक युक्ती उपयोगी पडते. फ्रुक्टन पाण्यात विरघळतं, तेलात नाही. चार पाकळ्या ठेचून मंद आचेवर तेलात सोनेरी करा, पाकळ्या काढून टाका आणि त्याच तेलात फोडणी करा. आमटीत पाकळ्या तशाच उकळल्या तर फ्रुक्टन पाण्यात उतरतं आणि युक्ती फुकट जाते. हे तेल रोजच्या रोज करा. लसणीचं तेल बाहेर भरून ठेवलं तर त्यात विषारी जंतू वाढू शकतात.

मग मोठा वाटा कुणाचा?

जेवणाचा आकार, त्याचा जडपणा आणि झोपायची वेळ. 2007 च्या एका अभ्यासात जेवणातले उष्मांक वाढले तेव्हा अन्ननलिकेत आम्ल जास्त राहिलं, आणि तेलकटपणा वाढला तेव्हा त्रास जास्त जाणवला. जपानमधल्या 2005 च्या पाहणीत, जेवून तीन तासांच्या आत झोपणाऱ्यांत हा आजार चार तास थांबणाऱ्यांच्या सातपट आढळला. वजन जास्त असेल तर ते उतरवणं आणि पलंगाची उशाकडची बाजू उंच करणं, या दोन उपायांनाही चांगला आधार आहे.

आता रविवारचं ताट घ्या. रात्री पावणेदहाला कोंबडी-वडे, पाच वडे, दोनदा रस्सा, कच्चा कांदा, सोलकढी, आणि साडेदहाला अंथरूण. बाराला जळजळीने जाग आली की नाव मसाल्याचं होतं. त्या रश्श्यात चौघांसाठी अर्ध्या नारळाचं वाटप आहे. ते दीडशे ग्रॅम धरलं तर नुसत्या खोबऱ्यातून सुमारे 50 ग्रॅम चरबी, वाटप परतायचं तेल वेगळं, वडे तळलेले वेगळे. एवढं अन्न पाऊण तासात जठरातून हलत नाही.

दोषी कोण हे घरीच पाहता येतं, मात्र एका वेळी एकच गोष्ट बदला. पहिल्यांदा तोच रस्सा, तोच मसाला, तेच वडे, सगळं दुपारी एकला खा आणि संध्याकाळपर्यंत आडवं होऊ नका. जळजळ झाली नाही, तर एकटा मसाला दोषी नव्हता. पुढच्या खेपेला रात्रीच, पण साडेसातला, दोन वडे आणि एकदा रस्सा. तरीही झाली तर कच्चा कांदा काढा. मिरची सर्वांत शेवटी कमी करा. प्रत्येक बदल निदान तीनदा करून पाहा, कारण हा त्रास दिवसागणिक कमीजास्त होतो आणि एका रात्रीवरून काढलेला निष्कर्ष बहुधा चुकतो. वहीत चारच गोष्टी लिहा: कधी जेवलात, किती, कधी आडवे झालात, जळजळ कधी झाली.

झोपताना जास्तीच्या उशा घेऊ नका; त्यांनी कंबरेत वाक येतो आणि पोटावर दाब पडतो. त्याऐवजी पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली 15 ते 20 सेंटिमीटर उंचीचे लाकडी ठोकळे द्या. डाव्या कुशीवर झोपा. उजव्या कुशीपेक्षा डाव्या कुशीवर अन्ननलिकेतलं आम्ल लवकर खाली उतरतं.

हे पत्रक बाजूला ठेवून डॉक्टरांकडे कधी जायचं

घास अडकत असेल, वजन आपोआप उतरत असेल, उलटीत रक्त किंवा काळी शौच दिसली, तर जेवणाचे प्रयोग करत बसू नका. छातीतलं दुखणं हात, जबडा किंवा पाठीकडे जात असेल, घाम सुटत असेल किंवा चालताना वाढत असेल, तर ते हृदयाचं असू शकतं. तडक रुग्णालय गाठा. डॉक्टरांनी पित्ताची गोळी रोज जेवणाआधी घ्यायला सांगितली असेल, तर मसाला कमी केला म्हणून ती मनाने बंद करू नका. डॉक्टरांना वही दाखवा. गोळी कमी करायची की नाही ते त्यांना त्यावरून ठरवता येतं.