मोजकेच जंतू पुन्हा पुन्हा का गाठतात?

करवीर तालुक्यातल्या एखाद्या गावात चार वर्षांचा मुलगा आहे असं समजा. जन्मल्यावर बीसीजी टोचली, त्यानंतर डाव्या काखेत गाठ आली, फुटली आणि कित्येक महिने वाहत राहिली. दुसऱ्या वर्षी यकृतात गळू झालं, त्यात स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जंतू सापडला. आता शेतात पाचटाच्या खताचा ढीग उपसत होते, पोरगं शेजारीच खेळत होतं. थोड्याच दिवसांत ताप आणि धाप. फुफ्फुसात अ‍ॅस्परजिलस बुरशी. पांढऱ्या पेशी भरपूर आहेत, प्रतिपिंडंही पुरेशी. सर्दी-पडसं आणि कांजिण्या मात्र चारचौघांसारख्या येऊन बऱ्या झाल्या. आईचा एक भाऊ तान्हेपणीच तापानं गेला होता.

अशा मुलाला किती वेळा आजार झाला यापेक्षा कोणत्या जंतूंनी झाला हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. क्षयाच्या लशीतला जंतू, स्टॅफिलोकॉकस आणि अ‍ॅस्परजिलस एकाच मुलात भेटले, की क्रॉनिक ग्रॅन्युलोमॅटस डिसीजची शंका घ्यायलाच हवी. साधारण दोन ते अडीच लाख जन्मांत एकाला होणारा हा जन्मजात आजार आहे.

बिघाड न्यूट्रोफिल आणि तिच्यासारख्या जंतूभक्षक पेशींत असतो. ही पेशी जंतूपर्यंत पोचते, त्याला गिळते, इथपर्यंत सगळं ठीक चालतं. गिळल्यानंतर निरोगी पेशी एकदम पुष्कळ प्राणवायू ओढून घेते. 1933 मध्ये हे पहिल्यांदा मोजलं गेलं, तेव्हा वाटलं की गिळण्याच्या श्रमाला ऊर्जा लागत असावी. पण तो प्राणवायू ऊर्जेसाठी नसतोच. पेशीच्या पडद्यावर एनएडीपीएच ऑक्सिडेज नावाचं विकर अनेक तुकडे जुळून तयार होतं आणि प्राणवायूला इलेक्ट्रॉन देऊन त्याचं सुपरऑक्साइड करतं. त्यापासून हायड्रोजन पेरॉक्साइड बनतं, आणि पुढे क्लोराइडच्या साहाय्यानं ब्लीचमध्ये असतं तसं हायपोक्लोरस आम्ल. यालाच रेस्पिरेटरी बर्स्ट म्हणतात. या आजारात विकराचा एखादा तुकडा सदोष असतो. बहुतेकदा तो एक्स गुणसूत्रावरच्या जनुकातला असतो. म्हणून मुलगे आजारी पडतात आणि दोष आईकडून येतो. मामाचा मृत्यू विचारायचा तो यासाठीच.

मग सगळेच जंतू का मातत नाहीत? वर्षानुवर्षं शिकवलं जाणारं उत्तर असं: न्यूमोकॉकससारखे जंतू स्वतःच पेरॉक्साइड तयार करतात आणि त्यांच्याकडे ते मोडणारं कॅटालेज नसतं. म्हणजे पेशीत नसलेलं हत्यार ते स्वतःच घेऊन येतात. स्टॅफिलोकॉकस किंवा अ‍ॅस्परजिलसकडे कॅटालेज असतं, त्यामुळे ते वाचतात.

उत्तर देखणं आहे, पण अपुरं. हाच दोष असलेल्या उंदरांना कॅटालेज काढून टाकलेली अ‍ॅस्परजिलस बुरशी आणि असाच स्टॅफिलोकॉकस दिला, तरी उंदीर आजारी पडलेच. शिवाय कॅटालेज असलेले जंतू असंख्य आहेत आणि त्यातले फार थोडे या मुलांना छळतात. पेशीकडे जंतू फोडणारी प्रथिनंही असतात, आणि बहुतेक जंतू त्यांनीच मरतात. बरखोल्डेरिया आणि सेरॅशिया हे या आजारातले नेहमीचे जंतू अशा प्रथिनांना दाद देत नाहीत. त्यांच्यापुढे रेस्पिरेटरी बर्स्ट हाच आधार असतो, आणि नेमका तोच इथे नाही.

पाचटाच्या ढिगाचा धोका वेगळ्यानं सांगायला हवा. उसाच्या पट्ट्यात कुजणारं पाचट, उकिरडा, ओली वैरण हलवली की बुरशीचे बीजाणू ढगासारखे उठतात. निरोगी माणूस ते श्वासातून घेतो आणि त्याला कळतही नाही. या मुलाच्या फुफ्फुसात मात्र बुरशी वाढतेच, आणि तिच्याविरुद्धचा दाहही आवरत नाही, कारण रेस्पिरेटरी बर्स्ट दाह शमवायलाही लागतो. म्हणून बुरशीविरोधी औषधाबरोबर स्टिरॉइडही द्यावं लागतं, आणि उशीर झाला तर जीव जाऊ शकतो.

तपासणी मात्र सोपी आहे. रक्तात डायहायड्रोऱ्होडामाइन हा रंग घालून पेशी चेतवतात. पेरॉक्साइड तयार झालं तर पेशी चमकतात. या मुलाच्या चमकत नाहीत. आईच्या पेशींचे मात्र सहसा दोन गट दिसतात, काही चमकणाऱ्या, काही अंधाऱ्या. नमुना शिळा झाला की निरोगी पेशीही मंद दिसतात. त्यामुळे कोल्हापूरहून मुंबईला रक्त पाठवताना सोबत एका निरोगी माणसाचं रक्तही तसंच प्रवास करून जावं लागतं. दोन्ही मंद आली तर दोष प्रवासाचा.

निदान पक्कं झालं की जंतू रोखायला कोट्रायमोक्झाझोल आणि बुरशी रोखायला इट्राकोनाझोल ही औषधं रोज सुरू होतात. आजार मुळातून घालवायचा तर अस्थिमज्जा प्रत्यारोपण. आई पुन्हा गरोदर असेल, तर बाळाची ही तपासणी होईपर्यंत त्याला बीसीजी टोचायची नाही, हे प्रसूतीआधीच डॉक्टरांशी बोलून कागदावर लिहून घ्यावं, कारण ही लस जन्मल्याबरोबर दिली जाते.