झिरो माईल उत्तर ध्रुवाकडे का सरकतं?

नागपूरहून ताडोब्याच्या जंगलात शिरलं की मोबाइलची रेंज जाते. म्हणून बरेच जण जपून ठेवलेली ठिकाणं इंटरनेटविना चालणाऱ्या ऑरगॅनिक मॅप्स किंवा ऑसमअँड या अॅपमध्ये आधीच नेऊन ठेवतात. ही ने-आण बहुतेकदा KML फाइलमधून होते. KMZ म्हणजे तीच फाइल, झिप करून आवळलेली.

KML ही साधी मजकुराची फाइल असते, नोटपॅडमध्येही उघडते. सीताबर्डीजवळचा झिरो माईलचा दगड तिच्यात असा दिसेल:

```
<Placemark>
  <name>झिरो माईल</name>
  <Point>
    <coordinates>79.0806,21.1498</coordinates>
  </Point>
</Placemark>
```

आकड्यांचा क्रम बघा. KML मध्ये आधी रेखांश येतो, मग अक्षांश. आलेखावर आधी आडवा अक्ष आणि मग उभा मोजतो, तसाच. गूगल मॅप्सवर बोट दाबून धरलं की मात्र उलट, 21.1498, 79.0806 असं दिसतं. ते तसंच उचलून फाइलमध्ये चिकटवलं, तर झिरो माईल 79 अंश उत्तरेला, नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांजवळच्या थंड समुद्रात जाऊन पडतं.

अॅप याबद्दल चकार शब्द काढत नाही, हे जास्त घातक. अक्षांश 90 च्या पुढे जात नाही, आणि 79 त्याच्या आतच आहे, त्यामुळे अॅपच्या लेखी हा पत्ता अगदी वैध ठरतो. गुवाहाटीचा रेखांश 91 च्या पुढे आहे. तिथे आकडे उलटले तर अक्षांशाची मर्यादाच ओलांडली जाते आणि चूक निदान पकडता तरी येते. आपल्या अख्ख्या महाराष्ट्राचा रेखांश 72 ते 81 च्या दरम्यान असल्याने आपल्याला ती सोय नाही. म्हणून फाइल आयात केल्यावर नकाशा पूर्ण लहान करून बघा. एखादी खूण युरोपच्या डोक्यावर दिसली, तर आकडे उलटलेत हे नक्की समजा.

स्वल्पविरामानंतर मोकळी जागाही सोडू नका. KML मध्ये मोकळी जागा म्हणजे पुढच्या बिंदूची सुरुवात, त्यामुळे एका ठिकाणाचे दोन अर्धवट बिंदू होतात. दशांशानंतरचे चार अंक मात्र राहू द्या. चौथ्या अंकाने साधारण 11 मीटरचा फरक पडतो. दोनच अंक ठेवले, तर खूण अर्धा किलोमीटर इकडेतिकडे सरकू शकते, आणि जंगलातल्या फाट्यावर तेवढ्याने वाट चुकते.

गूगल मॅप्समधल्या याद्यांची अडचण आणखी वेगळी आहे. गूगल टेकआउटमधून त्या CSV स्वरूपात येतात. त्यात ठिकाणाचं नाव, तुमची टीप आणि दुवा असतो, पण अक्षांश-रेखांशाचे रकाने नसतात. अशा यादीची KML करायची, तर प्रत्येक दुवा उघडून आकडे मिळवावे लागतात, आणि क्रम उलटण्याची चूक नेमकी तिथेच होते. उलट्या दिशेने जाताना, म्हणजे KML गूगलकडे नेताना, ती संगणकावर माय मॅप्समध्ये आयात करावी लागते. मग ती वेगळा नकाशा म्हणून दिसते, तुमच्या जुन्या यादीत मिसळत नाही.