ऑडिटमधील विश्लेषणात्मक तपासणी : सुरुवातीला आणि शेवटी काय करायचं, कागदपत्रं कोणती लागतात

आंतरराष्ट्रीय लेखापरीक्षण मानकांनुसार होणाऱ्या ऑडिटमध्ये विश्लेषणात्मक तपासणी, म्हणजे आकड्यांची एकमेकांशी आणि आधीच्या वर्षांशी तुलना करून विसंगती शोधणं, दोनदा करावीच लागते. पहिली नियोजनाच्या वेळी, आयएसए 315 प्रमाणे, चूक किंवा गैरव्यवहाराचा धोका कुठे आहे ते शोधण्यासाठी. दुसरी काम संपत आल्यावर, आयएसए 520 प्रमाणे, तयार झालेली आर्थिक पत्रकं आपल्याला कळलेल्या धंद्याशी जुळतात का ते पाहण्यासाठी. मधल्या टप्प्यात, पुरावा म्हणून ही पद्धत वापरायची की बिलं-पावत्या तपासायच्या, हे ऑडिटरने ठरवायचं असतं. या दोन टोकांना मात्र पर्याय नाही.

कोणी करायची, काय मागवायचं

मानकात पदाचं नाव दिलेलं नाही. आकडेमोड सहायकाने केली तरी चालते, पण शेवटचा आढावा धंदा ओळखणाऱ्या व्यक्तीनेच, म्हणजे मॅनेजरने किंवा सही करणाऱ्या भागीदाराने घ्यावा, असं माझं ठाम मत आहे. गुणोत्तर काढायला दोन मिनिटं लागतात. ते विचित्र आहे हे ओळखायला मात्र तो धंदा कसा चालतो हे माहीत असावं लागतं.

कागदपत्रं फार लागत नाहीत. गेल्या दोन-तीन वर्षांची ऑडिट झालेली पत्रकं, चालू वर्षाची तेरीज म्हणजे सगळ्या खात्यांच्या शिलकांची यादी, महिन्यानुसार विक्री आणि खरेदी, संचालकांनी मंजूर केलेलं बजेट आणि उत्पादनाचे नगातले किंवा वजनातले आकडे मागवा. शेवटची गोष्ट बहुतेक जण मागवत नाहीत. ती मात्र आग्रहाने घ्या, कारण हे आकडे बऱ्याचदा हिशेब विभागाबाहेर तयार होतात आणि पुस्तकांशी ताडून पाहायला स्वतंत्र आधार मिळतो.

आधी अपेक्षा, मग आकडे

तेरीज उघडण्याआधी आपली अपेक्षा कागदावर लिहा. आकडा आधी पाहिला की मन त्याला साजेसं कारण शोधून देतं. म्हणून आधी लिहायचं : विक्रीचे भाव बदललेले नाहीत, कच्चा माल स्थिर आहे, तेव्हा ढोबळ नफा 24 टक्क्यांच्या आसपास राहावा. किती फरक पडला तर चौकशी करायची, हेही त्याच वेळी ठरवा.

एका उत्पादक कंपनीचं उदाहरण घेऊ. आकडे समजण्यासाठी घेतलेले आहेत, सगळे लाखांत.

गेल्या वर्षी विक्री 1200, विकलेल्या मालाची किंमत 912, म्हणजे ढोबळ नफा 24 टक्के. येणी 148 आणि शिल्लक माल 150. यंदा विक्री 1320, मालाची किंमत 937, येणी 246, शिल्लक माल 210.

ढोबळ नफा 29 टक्क्यांवर गेला. येणी ÷ विक्री × 365 केलं तर वसुलीचे दिवस 45 वरून 68 झाले. शिल्लक माल ÷ मालाची किंमत × 365 केलं तर साठ्याचे दिवस 60 वरून 82 झाले.

ही तीन उत्तरं सुटी वाचू नका. नफ्याची टक्केवारी वाढली, हे एकटं पाहिलं तर चांगली बातमी वाटते. पण माल जास्त नफ्याने विकला जातोय, तरी गोदामात साठून राहतोय आणि ग्राहक पैसेही उशिरा देतायत, हे तिन्ही एकाच वेळी खरं असणं अवघड आहे.

आता महिन्यांचा कल पाहा. पहिले अकरा महिने विक्री सरासरी 103. शेवटच्या महिन्यात 187. गेल्या वर्षी त्याच महिन्यात 104 होती. म्हणजे 83 जास्त. आणि वसुलीचे दिवस 45 च राहिले असते, तर 1320 च्या विक्रीवर येणी 163 असायला हवी होती, ती 246 आहेत. इथेही फरक 83 च. हे 83 विक्रीतून वजा केले तर नफा 24 टक्क्यांवर परत येतो.

संशय आता नेमका झाला : वर्ष संपताना बिलं फाडली, माल मात्र गोदामातच राहिला आणि साठ्यातही मोजला गेला. नियोजनाच्या कागदावर 'विक्रीत धोका' एवढंच लिहून भागणार नाही. 'शेवटच्या महिन्यातील विक्रीचा कटऑफ', अर्थात ती विक्री योग्य वर्षात धरली आहे का, असं लिहा, म्हणजे पुढचं काम कुठे करायचं ते टीमला कळेल.

एक मर्यादा इथेच सांगतो. कंपनीने 83 च्या या बिलांबरोबर, 24 टक्के नफा वजा जाता येणारी, 63 ची मालाची किंमतही साठ्यातून कमी दाखवली असती, तर नफा 24 टक्केच दिसला असता आणि साठाही फुगला नसता. तेव्हा तीन गुणोत्तरांपैकी फक्त वसुलीचे दिवस बोलले असते. दुसरी मर्यादा वेळेची : नियोजन अकरा महिन्यांच्या आकड्यांवर केलं असेल तर यातलं काहीच दिसत नाही. पूर्ण वर्षाचे आकडे आले की गणित पुन्हा मांडा.

खुलासा आला, पुढे काय

व्यवस्थापन म्हणेल, मोठा नवा ग्राहक मिळाला, त्याला जास्त दिवसांची उधारी दिली. यातून वसुलीचे दिवस समजतात. साठा आणि नफा समजत नाहीत. खुलासा तिन्ही आकड्यांना लागू पडला पाहिजे, आणि पडला तरी त्याला पुरावा लागतो. नुसता 'व्यवस्थापनाशी चर्चा केली' हा शेरा फाइलमध्ये पुरेसा नाही. शेवटच्या महिन्यातली बिलं घ्या, प्रत्येकासमोर डिलिव्हरी चलन, गोदामाचं जावक रजिस्टर आणि वाहतूकदाराची पावती लावा. मग नव्या वर्षाच्या पहिल्या काही आठवड्यांतल्या क्रेडिट नोट पाहा. या उदाहरणात 83 ची बिलं जावक रजिस्टरमध्ये सापडत नाहीत, म्हणून विक्री आणि येणी दोन्ही तेवढ्याने कमी केली जातात.

शेवटचा आढावा

दुरुस्तीनंतरच्या पत्रकांवर तीच गुणोत्तरं पुन्हा काढायची. जुना तक्ता चिकटवायचा नाही. विक्री 1237, ढोबळ नफा 24.3 टक्के, वसुलीचे दिवस 48. हे अपेक्षेजवळ आलं. पण साठ्याचे दिवस अजूनही 82 च आहेत, कारण माल खरोखरच गोदामात आहे.

बऱ्याच फाइलींत इथे 'दुरुस्ती झाली' लिहून विषय बंद होतो. खरं तर इथून नवा प्रश्न सुरू होतो. बिल केलेला माल बाजूला काढला तर उरलेला साठा 147, म्हणजे सुमारे 57 दिवसांचा, नेहमीसारखा. मग बाजूला काढलेला 63 चा माल नव्या वर्षात गेला का? पहिल्या दोन आठवड्यांत चलनासह रवाना झाला असेल आणि पैसेही आले असतील, तर त्याची नोंद करून पुढे जा. ऑर्डर मुळात नव्हतीच आणि माल अजून पडून असेल, तर तो खर्चापेक्षा कमी किमतीला विकावा लागेल का, हे तपासल्याशिवाय साठ्याचं मूल्य मान्य करता येत नाही. शिवाय ऑर्डरच नसताना बिलं फाडली गेली असतील, तर ही साधी कटऑफची चूक राहत नाही. आयएसए 240 खाली गैरव्यवहाराच्या धोक्याचा विचार करावा लागतो, नियोजनात केलेलं धोक्याचं मूल्यमापन बदलावं लागतं आणि आधीच्या महिन्यांतल्या विक्रीचीही तपासणी वाढवावी लागते, अहवालाची तारीख पुढे गेली तरी.

फाइलमध्ये अपेक्षा, ती कशावरून काढली, मिळालेला आकडा, खुलासा, तपासलेला पुरावा आणि निष्कर्ष एकाच कागदावर ठेवा, नियोजनाचा आणि शेवटचा रकाना शेजारी शेजारी. 82 समोर 82 दिसला की आढावा घेणाऱ्याची नजर आपोआप तिथे थांबते.