कपॅसिटरमधली चोरवाट

ऑप-अँपच्या इनपुटला एक पायरी दिली, म्हणजे व्होल्टेज एकदम वर नेलं. आउटपुटनेही वर जायला हवं. पण सिम्युलेशनमध्ये ते आधी क्षणभर खाली बुडी मारतं, मग वर येतं आणि हेलकावे खात राहतं. दोन टप्प्यांच्या सीमॉस ऑप-अँपमध्ये ती उलटी बुडी दिसली, की माझं लक्ष आधी मिलर कपॅसिटरकडे जातं.

हा कपॅसिटर दुसऱ्या टप्प्यातल्या ट्रान्झिस्टरच्या गेट आणि ड्रेनमध्ये बसतो. आउटपुटमधून प्रवाह मागे गेटकडे यावा आणि सर्किट स्थिर राहावं, एवढंच त्याच्याकडून हवं असतं. पण कपॅसिटरला दिशा कळत नाही. गेटवरचा सिग्नल त्यातूनच पुढे, थेट आउटपुटला पोचतो. ट्रान्झिस्टर सिग्नल उलटा करतो, ही चोरवाट मात्र करत नाही. त्यामुळे आउटपुटला दोन प्रवाह एकमेकांविरुद्ध ओढतात. दुसऱ्या टप्प्याचा ट्रान्सकंडक्टन्स gm2 आणि मिलर कपॅसिटर Cc धरला, तर gm2/(2πCc) या फ्रिक्वेन्सीपाशी दोघे तुल्यबळ होतात, आणि त्यापुढे चोरवाट जिंकते. हाच उजव्या अर्ध्या प्रतलातला झिरो. तो गेनची घसरण रोखतो आणि फेज मात्र आणखी मागे ओढतो, म्हणून तो दुहेरी घातक.

बायपोलर ट्रान्झिस्टरचा gm मोठा असल्याने तिथे हा झिरो सहसा खूप दूर असतो. मॉसफेटला ती चैन नाही.

आकडे घालून पाहू. पहिल्या टप्प्याचा gm1 0.2 मिलीसिमेन्स, दुसऱ्याचा gm2 1 मिलीसिमेन्स, मिलर कपॅसिटर 2 पिकोफॅरड आणि आउटपुटवरचा भार 5 पिकोफॅरड. गेन सुमारे 16 मेगाहर्ट्झला 1 वर येतो. दुसरा पोल 32 मेगाहर्ट्झच्या आसपास आणि झिरो 80 मेगाहर्ट्झला. 180 अंशांपैकी 90 पहिल्या पोलने आधीच घेतलेले असतात; दुसरा पोल सुमारे 27 अंश घेतो, झिरो आणखी 11. फेज मार्जिन उरतं साधारण 52 अंश.

आता कपॅसिटरच्या ओळीत 1 किलोओहमचा, म्हणजे बरोबर 1/gm2 एवढा रेझिस्टर घाला. फ्रिक्वेन्सी वाढून कपॅसिटरची वाट कितीही मोकळी झाली तरी हा रेझिस्टर चोरवाटेतला प्रवाह ट्रान्झिस्टरच्या प्रवाहापुढे जाऊ देत नाही. दोघांची बरोबरी आता अनंत फ्रिक्वेन्सीलाच. झिरो गेला आणि मार्जिन 63 अंशांवर आलं.

रेझिस्टर आणखी वाढवला, तर झिरो डाव्या बाजूला येतो आणि गेलेली फेज परत देऊ लागतो. 3.5 किलोओहमला तो दुसऱ्या पोलच्या नेमका डोक्यावर बसतो. कागदावर हे सुरेख दिसतं, पण मी त्यावर विसंबत नाही. भार बदलला की पोल सरकतो, झिरो जागीच राहतो. पोल-झिरोची अर्धवट जोडी उरली, की आउटपुट शेवटच्या थोड्याशा फरकासाठी बराच वेळ रेंगाळतं.

पॉलिसिलिकॉनचा साधा रेझिस्टरही तापमानाबरोबर gm2 च्या मागे जात नाही. म्हणून त्या जागी बऱ्याचदा ट्रायोड अवस्थेतला मॉसफेट वापरतात, आणि त्याच्या गेटचा बायस दुसऱ्या टप्प्यासारख्याच ट्रान्झिस्टरवरून घेतात. gm2 कमी झाला, की याचा रोध आपोआप वाढतो.